शाळेच्या नर्सला द्यायचे औषधांचे पत्र: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील एका पूर्णवेळ शाळेच्या आरोग्य कक्षात मी परिचारिका म्हणून काम करते. शाळा सुरू झाली की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पालक मुलांची औषधे घेऊन येतात, सोबत एखादे पत्र असते, आणि कधी कधी तेही नसते. पत्र नेमके कसे असावे, स्ट्रिपचे फोटो कशासाठी हवेत आणि वेळा कशा लिहाव्यात, हे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बोलणे मोघम राहू नये यासाठी सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे. चौथीतील नऊ वर्षांची, 25 किलो वजनाची मुलगी आहे. तिला अपस्मार आहे, म्हणजे अधूनमधून फिट येते. ती कार्बामाझेपिनची 100 मि.ग्रॅ.ची साधी गोळी दिवसातून तीनदा घेते आणि फिट लवकर थांबली नाही तर नाकात मारण्यासाठी तिचा मिडाझोलॅमचा स्प्रे शाळेत ठेवलेला असतो. यातील मात्रा तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेल्या आहेत, त्या दुसऱ्या कोणत्याही मुलाला लागू करू नयेत.

डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत दिलेली असताना पालकांचे वेगळे पत्र कशाला हवे?

चिठ्ठीवर बहुधा औषधाचे नाव आणि पुढे 1-1-1 एवढेच असते. त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. मधली गोळी म्हणजे जेवणाच्या वेळची, असे समजून ती डब्याच्या सुट्टीत द्यावी असे कोणालाही वाटेल. पण आमची डब्याची सुट्टी 11:15 वाजता होते. सकाळची गोळी सात वाजता झालेली असेल, तर दुसरी सव्वाचार तासांतच पोटात जाते आणि तिसरी रात्री नऊला, म्हणजे पावणेदहा तासांनी. साध्या कार्बामाझेपिनचा असर दिवसभर साधारण एकसारखा राहावा म्हणूनच ती तीनदा विभागून दिलेली असते, आणि अशा वेळापत्रकात तो हेतूच राहत नाही. सात, दोन आणि नऊ अशा वेळा ठेवल्या तर दिवसा सात-सात तासांचे अंतर पडते आणि झोपेतले दहा तास उरतात. शाळेची घंटा कधी होते हे डॉक्टरांना ठाऊक नसते आणि घरी सकाळची गोळी किती वाजता दिली जाते हे आम्हाला ठाऊक नसते. या दोन्ही गोष्टी माहीत असणारे पालकच असतात, म्हणून हे पत्र त्यांनीच लिहायचे असते.

मात्र हे पत्र चिठ्ठीची जागा घेत नाही. चिठ्ठीची प्रत सोबत नसेल तर केवळ पत्रावरून मी गोळी देत नाही, मग पालक कितीही ओळखीचे असोत.

पत्रात नेमके काय लिहावे? एखादा नमुना मिळेल का?

जिने तुमच्या मुलीला कधी पाहिलेले नाही अशी बदली नर्स किंवा शिक्षिका ते वाचते आहे असे समजून लिहावे. वरच्या मुलीच्या आईने लिहिलेले पत्र, ओळख पटेल असा मजकूर वगळून, साधारण असे होते:

> मा. सिस्टर, आरोग्य कक्ष, यांस,
> सप्रेम नमस्कार.
> दिनांक 16 जून 2025
>
> माझी मुलगी इयत्ता चौथी ब मध्ये आहे. तिला अपस्मार आहे. तिचे वजन 25 किलो आहे (2 जून रोजी दवाखान्यात केलेले). तिला कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्याचे आजवर आढळलेले नाही.
>
> औषध पहिले: कार्बामाझेपिन, साधी गोळी, 100 मि.ग्रॅ. फोटो क्रमांक 1 व 2 पाहावेत. सकाळी 7 वाजता आणि रात्री 9 वाजता मी घरी देते. दुपारी 2 वाजता एक गोळी आपण द्यावी, ही विनंती. 1:30 ते 2:30 या वेळात केव्हाही दिली तरी चालेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ती गोळी पाण्याबरोबर गिळते. गोळी उपाशीपोटी घेतली की तिला मळमळते, म्हणून आधी एखादे बिस्कीट द्यावे. शनिवारी शाळा 11:30 वाजता सुटत असल्यामुळे त्या दिवशी दुपारची गोळीही मी घरीच देईन.
>
> औषध दुसरे: मिडाझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे, एका फवाऱ्यात 0.5 मि.ग्रॅ. फोटो क्रमांक 3 व 4 पाहावेत. हा रोज द्यायचा नाही. फिट सलग 5 मिनिटे चालू राहिली तरच एकूण 5 मि.ग्रॅ., म्हणजे या बाटलीचे 10 फवारे, पाच एका नाकपुडीत आणि पाच दुसरीत. डॉक्टरांचे लेखी पत्र सोबत जोडले आहे.
>
> तिची फिट अशी दिसते: मान उजवीकडे वळते, उजवा हात झटके देतो, हाक मारल्यास उत्तर देत नाही. बहुधा दोन मिनिटांत थांबते. नंतर अर्धा तास झोपते.
>
> सकाळची गोळी चुकली किंवा उलटून पडली, तर मी 8:30 पूर्वी आपल्याला फोन करीन. माझा फोन लागला नाही तर तिच्या वडिलांना व नंतर आजोबांना करावा. क्रमांक खाली दिले आहेत.
>
> सोबत एक पूर्ण स्ट्रिप (10 गोळ्या) व एक सीलबंद स्प्रे देत आहे. औषधाचा ब्रँड किंवा मात्रा बदलली तर नव्या तारखेचे पत्र व नवे फोटो देईन आणि हे पत्र रद्द समजावे.
>
> आपली विश्वासू,
> (सही)

या पत्रात आजाराचा इतिहास नाही, तपासण्यांचे अहवाल नाहीत आणि क्षमायाचनाही नाही. फिट कशी दिसते ही ओळ मात्र पुष्कळ पालक गाळतात. नुसते शून्यात पाहत बसणे आणि फिट यांतला फरक वर्गशिक्षिकेला त्या एका ओळीवरूनच कळतो, त्यामुळे ती कृपया गाळू नये.

औषधाचे नाव नीट लिहिले तर स्ट्रिपचा फोटो कशाला?

पत्रातले नाव आणि हातातली वस्तू ताडून पाहण्याचे काम फोटोमुळे दोन सेकंदांत होते, आणि चूक नेमकी या दोहोंच्या मध्येच शिरते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका मुलाची नवी स्ट्रिप त्याच्या आजोबांनी शाळेत आणून दिली. ब्रँड तोच, रंग तोच, अक्षरांचे वळणही तेच. मी कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेल्या फोटोशेजारी ती धरली, तेव्हा फोटोत नावापुढे 100 होते आणि हातातल्या स्ट्रिपवर 200. मेडिकलमधून त्याच नावाची, पण दुप्पट ताकदीची स्ट्रिप दिली गेली होती आणि घरी रात्रीची एक गोळी तीतून दिलेलीही होती. मुलगा वर्गात डुलक्या घेत होता आणि फळ्यावरची अक्षरे दोन-दोन दिसतात असे म्हणत होता. झोप येणे, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे आणि मळमळ ही कार्बामाझेपिन जास्त झाल्याची ठळक लक्षणे आहेत. त्याच्या आईने लगेच डॉक्टरांशी बोलून घेतले आणि पुढचे सावरले. पत्रात नाव अचूकच होते, परंतु मी नुसते नाव वाचले असते तर दुपारी आणखी एक 200 ची गोळी त्याला दिली असती.

फोटो कसे काढावेत?

प्रत्येक औषधाचे दोन फोटो पुरतात. पहिला गोळ्या दिसतात त्या बाजूचा, म्हणजे गोळीचा रंग, आकार आणि मध्ये रेघ आहे की नाही हे दिसते. दुसरा मागच्या छापील बाजूचा. त्यात तीन गोष्टी वाचता आल्याच पाहिजेत: औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि एक्सपायरीचा महिना. एक्सपायरी बहुधा स्ट्रिपच्या एका टोकाला दाबून उमटवलेली असते, त्यामुळे फोटो टोकापर्यंत पूर्ण यायला हवा.

ॲल्युमिनियमची चकाकी हा यातला मोठा अडथळा आहे. फ्लॅश लावला की नेमक्या मिलिग्रॅमच्या आकड्यावर पांढरा झोत पडतो. फ्लॅश बंद करून, दिवसा खिडकीजवळ, गडद रंगाच्या कापडावर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर स्ट्रिप सपाट ठेवावी आणि मोबाइल सरळ वरून न धरता किंचित तिरका धरावा, म्हणजे चकाकी बाजूला सरकते. दाबून उमटवलेली एक्सपायरी समोरच्या उजेडात दिसत नाही, बाजूने येणाऱ्या उजेडात उठून दिसते. फोटो काढल्यावर तो मोठा करून स्वतः वाचून पाहावा. तुम्हाला आकडा वाचता येत नसेल तर तो मलाही येणार नाही.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर तो दाबला जाऊन बारीक अक्षरे पुसट होतात. तरीही रंगीत छापील प्रत पत्राला जोडलेली असावीच, कारण फिटच्या वेळी कोणी मोबाइलमध्ये फोटो शोधत बसणे परवडत नाही. प्रत्येक फोटोखाली त्याचा क्रमांक आणि काढल्याची तारीख पेनाने लिहावी.

रोजची एक गोळी सुटी करून छोट्या डबीत पाठवली तर चालेल का?

नाही. सुट्या गोळीवर नाव नसते, मात्रा नसते, एक्सपायरी नसते, आणि पांढऱ्या गोल गोळ्या असंख्य औषधांच्या असतात. कार्बामाझेपिनबाबत याशिवाय आणखी एक कारण आहे, जे फारसे कोणी सांगत नाही. ही गोळी दमट हवेत राहिली की टणक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा असर एक-तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा काळ पाहता, डबीत चार दिवस पडलेली गोळी मुलीला वेळेवर मिळाली तरी तिचा पूर्ण उपयोग होईलच असे नाही. गोळी खायच्या क्षणापर्यंत स्ट्रिपमध्येच राहिली पाहिजे आणि स्ट्रिप कोरड्या कपाटात. बेसिनजवळची फळी किंवा दप्तरातला पाण्याच्या बाटलीशेजारचा कप्पा ही तिची जागा नव्हे.

मेडिकलमधून अर्धी कापलेली स्ट्रिप मिळते, तेव्हाही अडचण येते. एक्सपायरीचे टोक दुकानातच राहिलेले असते. शाळेसाठी पूर्ण स्ट्रिपच मागून घ्यावी. आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार अशा आठवड्याला पाच गोळ्या लागतात, म्हणजे दहाची एक स्ट्रिप बरोबर दोन आठवडे पुरते. स्ट्रिप घेताना मी गोळ्या मोजते, वहीत आकडा लिहिते आणि आणून देणाऱ्याची सही घेते. दुसऱ्या शुक्रवारी एखादी गोळी उरली, तर एक तर मुलगी एक दिवस गैरहजर होती किंवा आमच्याकडून एक गोळी चुकली. या दोहोंपैकी काय ते हजेरी पाहून त्याच दिवशी कळते.

"दुपारी एक गोळी" एवढे लिहिले तर पुरत नाही का? इतक्या नेमक्या वेळेची गरज आहे का?

नेमकी वेळ आणि तिच्या दोन्ही बाजूंची सवड, दोन्ही हव्यात. फक्त "दोन वाजता" लिहिले आणि मी पडलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाची जखम बांधत असले, तर सव्वादोनला गोळी द्यावी की पालकांना फोन करावा हा प्रश्न उभा राहतो. "1:30 ते 2:30 चालेल" या एका वाक्याने तो सुटतो. अडीच वाजून गेले तर काय करायचे, हेही डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे. सर्वसाधारणपणे आठवल्याबरोबर गोळी देतात, पुढच्या गोळीची वेळ जवळ आलेली असेल तर चुकलेली सोडून देतात आणि दोन गोळ्या एकदम कधीही देत नाहीत. पण "जवळ" म्हणजे किती तास, हे डॉक्टरांनी त्या मुलासाठी सांगावे, मी ते ठरवू नये.

वेळापत्रक बदलणारे दिवस पालकांच्या लक्षात येत नाहीत. शनिवारची अर्धी शाळा, सहामाही परीक्षेचे दिवस, स्नेहसंमेलनाच्या तालमी, सहल. सहलीच्या दिवशी दुपारी दोन वाजता मूल बसमध्ये असते आणि मी शाळेत. त्या दिवसासाठी पत्राची आणि फोटोंची एक प्रत सोबत जाणाऱ्या शिक्षिकेला, तिच्या नावानिशी, द्यावी लागते. ही प्रत आदल्या दिवशी द्यावी. सकाळी सहा वाजता बसच्या दारात गोळी आणि सूचना हातात कोंबली की तीत काय लिहिले आहे हे कोणी वाचत नाही.

जी औषधे आम्ही घरीच देतो, ती शाळेला कळवण्याचे कारण काय?

शाळेत मुलीला काही झाले तर त्याचे मूळ घरी दिलेल्या किंवा न दिलेल्या औषधात असू शकते. सकाळची गोळी राहिली असेल, तर त्या दिवशी फिट येण्याचा संभव जास्त असतो आणि मी वर्गशिक्षिकेला तिला पहिल्या बाकावर बसवायला सांगते, त्या दिवशी पोहण्याच्या तासाला पाठवत नाही. हे कळण्यासाठीच साडेआठपूर्वीचा तो फोन असतो. मुले सकाळी गोळी तोंडात धरून नंतर थुंकतात, हेही सांगायला संकोच करू नये. त्यात मुलाची तक्रार नसते, आणि तुमचा कमीपणाही नसतो.

दुसरे कारण चार-पाच दिवसांच्या औषधांचे आहे. घसा बसला, खोकला झाला म्हणून घराजवळच्या दवाखान्यात नेले आणि तिथे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिले गेले, तर ही दोन्ही प्रतिजैविके कार्बामाझेपिन शरीराबाहेर टाकले जाण्याचा वेग कमी करतात. गोळ्या तितक्याच घेऊनही रक्तातले प्रमाण चढते आणि मूल दोन-तीन दिवसांत झोकांड्या देऊ लागते. म्हणून नवे औषध देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना चालू गोळीचा फोटो दाखवावा आणि शाळेलाही चिठ्ठीने कळवावे. मला ते औषध द्यायचे नसते, पण मुलगी जिन्यावर का अडखळते आहे हे मला त्यामुळे कळते. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधेही त्याच पत्रात लिहावीत.

स्प्रेच्या बाबतीत "दहा फवारे" लिहिले की झाले ना?

नाही, आणि या संपूर्ण पत्रात माझ्या दृष्टीने सर्वांत धोक्याची जागा हीच आहे. मिडाझोलॅमच्या नाकातल्या स्प्रेची मात्रा डॉक्टर मुलाच्या वजनावरून ठरवतात. ती साधारणपणे दर किलोला 0.2 मि.ग्रॅ. असते, म्हणजे 25 किलोच्या मुलीला 5 मि.ग्रॅ. पण आपल्या बाजारातल्या सगळ्या बाटल्या एकसारख्या नाहीत. एका प्रकारात एका फवाऱ्याने 0.5 मि.ग्रॅ. औषध जाते, दुसऱ्यात 1.25 मि.ग्रॅ. पहिल्या बाटलीचे दहा फवारे म्हणजे 5 मि.ग्रॅ. आणि दुसरीचे चारच फवारे म्हणजे तेवढेच. पत्रात नुसते "दहा फवारे" असेल आणि मधल्या काळात बाटली बदललेली असेल, तर साडेबारा मि.ग्रॅ. औषध नाकात जाईल, म्हणजे अडीचपट. हे औषध जास्त झाले की श्वास मंदावतो. याच्या उलट, पत्रात "चार फवारे" असून बाटली 0.5 ची आली, तर फक्त 2 मि.ग्रॅ. जाते आणि फिट थांबत नाही.

त्यामुळे पत्रात तीन आकडे एकत्र असावेत: एकूण मि.ग्रॅ., एका फवाऱ्यातले मि.ग्रॅ. आणि त्यावरून येणारी फवाऱ्यांची संख्या. पहिल्याला दुसऱ्याने भागले की तिसरा आलाच पाहिजे. मी हा भागाकार पालकांसमोर कागदावर करते आणि जुळला नाही तर बाटली घेत नाही. फोटोतही एका फवाऱ्यात किती औषध हे लिहिलेली बाजू स्पष्ट यायला हवी, कारण समोरच्या बाजूला ठळक छापलेला आकडा कित्येकदा पूर्ण बाटलीचा किंवा एका मिलिलिटरचा असतो.

वजनाची तारीख लिहायला सांगते तीही याचसाठी. जूनमध्ये 25 किलोची असलेली मुलगी मार्चपर्यंत 28 किलोची झालेली असू शकते. तेवढ्याने आपण मात्रा बदलायची नाही, मात्र पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारायचे.

आणखी एक बारकावा. नव्या बाटलीचा पंप आधी हवेत काही वेळा दाबावा लागतो, तेव्हा कुठे पूर्ण फवारा येऊ लागतो. हे दाब मोजायचे नसतात. किती वेळा दाबायचे ते बाटलीसोबतच्या कागदावर असते, म्हणून तो कागद फेकून न देता बाटलीबरोबरच द्यावा. बाटली उघडली की मी तिच्यावर तारीख लिहिते.

प्रत्यक्ष फिट आली तर या पत्राचा उपयोग कसा होतो?

गेल्या वर्षी या मुलीला गणिताच्या तासाला फिट आली. वर्गशिक्षिकेने प्रथम घड्याळ पाहिले आणि फळ्याच्या कोपऱ्यात वेळ लिहिली: 12:52. मुलीला कुशीवर वळवले, बाक मागे ओढले, डोक्याखाली दप्तर सरकवले आणि एका मुलाला माझ्याकडे धाडले. हात दाबून धरले नाहीत, तोंडात चमचा घातला नाही, पाणी पाजले नाही. एकाने कांदा हुंगवायचा का, असे विचारले आणि शिक्षिकेने शांतपणे नाही म्हटले. मी पत्राचा कागद आणि स्प्रे घेऊन पोहोचले तेव्हा 12:55 झाले होते. बाटली फोटोशी ताडली, एक्सपायरी पाहिली, पंप तयार केला आणि थांबले. 12:57 ला झटके चालूच होते, म्हणून पाच आणि पाच असे दहा फवारे दिले. दुसऱ्या शिक्षिकेने तेव्हाच आईला फोन लावला. साधारण तीन मिनिटांनी हात सैल पडला. मी तिच्या छातीची हालचाल आणि ओठांचा रंग पाहत शेजारीच बसून राहिले.

फवारे दिल्यानंतर पाच मिनिटांत फिट थांबली नाही, श्वास उथळ वाटला किंवा ओठ निळसर झाले, तर 108 ला फोन करायचा, हे तिच्या डॉक्टरांच्या पत्रात लिहिलेले आहे. रुग्णवाहिका आली तर फोटोंसह तेच पत्र तिच्याबरोबर जाते आणि त्यावर मी फवाऱ्यांची संख्या व वेळ लिहून देते, म्हणजे रुग्णालयात पुढचे औषध देताना आधी काय दिले आहे हे कळते.

त्या दिवशी दोन वाजताच्या गोळीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र पत्रात सुटलेला नव्हता. मुलगी झोपेत होती. गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात गोळी घालता येत नाही, ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तिच्या आईने डॉक्टरांना विचारले आणि ती पूर्ण जागी होऊन पाणी नीट गिळू लागल्यावर, सव्वातीनला, गोळी दिली. त्यानंतर पत्रात त्यांनी एक ओळ वाढवली आहे: "फिटनंतर ती बोलू लागेपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये. दोनची गोळी राहिली तर मला फोन करावा." अशी ओळ प्रत्येकाने आधीच घातलेली बरी.

मेडिकलमध्ये नेहमीचा ब्रँड मिळाला नाही, दुसरा मिळाला. मूळ औषध तेच आहे, मग काय करावे?

आधी डॉक्टरांना विचारावे. फिटच्या औषधांत ब्रँड वरचेवर न बदलणे श्रेयस्कर मानले जाते, आणि बदलायचाच असेल तर ते त्यांना ठाऊक असावे. त्यांनी होकार दिला तर नव्या स्ट्रिपचे फोटो आणि नव्या तारखेचे पत्र स्ट्रिपबरोबरच शाळेत यावे. फोटोशी न जुळणारी स्ट्रिप आली तर मी गोळी न देता फोन करते, आणि त्यात कधी कधी वेळ उलटून जाते. यामुळे पालक रागावतात, ते मी समजू शकते, पण हा नियम मी सोडत नाही.

नावाच्या शेवटी जोडलेली अक्षरेही पाहावीत. सी.आर. किंवा एस.आर. असे असेल, तर ती गोळी औषध हळूहळू सोडणारी असते. ती सहसा दिवसातून दोनदाच देतात आणि ती कुटून किंवा चावून खायची नसते. साध्या गोळीच्या जागी चुकून ही आली, तर मात्रा, वेळा, गोळी देण्याची पद्धत, असे पत्रातले सारेच चुकीचे ठरते.

आजाराची बातमी वर्गात पसरेल, अशी भीती वाटते. पत्र कोण कोण वाचते?

आमच्या शाळेत मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि मी. खेळाच्या शिक्षकांना फक्त फिटच्या वेळी काय करायचे ते सांगितले जाते. फोटो कपाटाच्या दाराला आतून लावलेले असतात, बाहेरून नाही. पालकांनी मात्र हे पत्र किंवा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकूनही टाकू नयेत. घाईत असे दोनदा झालेले मी पाहिले आहे, आणि एकदा पसरलेली गोष्ट मागे घेता येत नाही.

आमच्या शाळेत नर्सच नाही. मग पत्र कोणाला द्यावे?

मुख्याध्यापकांच्या नावे द्यावे आणि प्रत वर्गशिक्षकांना. त्यांपैकी कोणी गोळी देणार आणि ते रजेवर असतील तर कोण देणार, ही दोन नावे त्यांच्याकडूनच पत्रावर लिहून घ्यावीत. शिक्षकांवर औषध देण्याची सक्ती करता येत नाही, म्हणून दुपारची वेळ टाळता येईल का, हेही डॉक्टरांना विचारून पाहावे. दोनदा घ्यायच्या गोळीवर जाता आले तर शाळेत फक्त स्प्रे ठेवावा लागतो. स्प्रे कसा मारायचा हे मात्र त्या शिक्षकांना आधी रिकाम्या बाटलीवर करून दाखवावे. कागदावर वाचून पहिल्यांदा तो हातात घेणाऱ्याचा अर्धा फवारा नाकाबाहेर जातो.

औषधाचे नाव मराठीत लिहावे की इंग्रजीत?

पत्र मराठीत असावे. औषधाचे नाव मराठीत लिहून शेजारी स्ट्रिपवर आहे तसेच, अक्षर न अक्षर, इंग्रजीत उतरवावे. शब्दोच्चारावरून लिहिलेल्या नावांत कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन यांची गल्लत होते. ही दोन वेगळी औषधे आहेत.

पत्र किती दिवस चालते?

मात्रा, ब्रँड, वेळ किंवा फोन क्रमांक बदलला की ते संपते. काहीच बदलले नाही तरी प्रत्येक सत्राच्या आरंभी मी नवे मागते, म्हणजे जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर. जुने पत्र मी पालकांसमोर आडवी रेघ मारून त्यावर तारीख घालून ठेवते, जेणेकरून कपाटात एका मुलाची दोन चालू पत्रे राहत नाहीत. एप्रिलमध्ये शाळा संपताना उरलेल्या गोळ्या आणि स्प्रे मोजून परत दिले जातात. ते न्यायला मुलाला पाठवू नये, पालकांनी स्वतः यावे आणि वहीत सही करावी.